घराचा उंबरठा, राज्यसंस्था आणि ‘कलम ९’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्यसंस्थेवरची स्त्रीवादी टीका थोडक्यात काय आहे?

उदारमतवादी विचारात समाजजीवनाचे दोन भाग कल्पिलेले असतात. एक सार्वजनिक, जिथे कायदा, निवडणूक, बाजार आणि न्यायालय असते आणि जिथे सर्व नागरिक समान मानले जातात. दुसरा खासगी, म्हणजे घर, संसार आणि नातेसंबंध, जिथे राज्यसंस्थेने सहसा पाऊल टाकू नये असे समजले जाते. कॅरोल पेटमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात या मांडणीवर मूलभूत आक्षेप घेतला. सार्वजनिक क्षेत्रातला ‘स्वतंत्र नागरिक’ ज्या श्रमांवर आणि ज्या आज्ञाधारकपणावर उभा असतो, ते सारे खासगी म्हणून नजरेआड केलेल्या घरातच घडते, असे त्यांचे म्हणणे होते.

पण माझ्या मते या टीकेचा अधिक धारदार भाग पुढचा आहे, आणि तो अमेरिकी कायदेपंडित फ्रान्सिस ओल्सेन यांनी १९८५ मध्ये स्पष्टपणे मांडला. राज्यसंस्था घरात हस्तक्षेप करते की करत नाही, हा प्रश्नच त्यांच्या मते चुकीचा आहे. विवाह कोणता वैध, मूल कोणाचे, घर कोणाच्या नावावर, कोणाला कोणाकडे परत पाठवता येते, हे सगळे कायदाच ठरवत असतो. त्यामुळे राज्यसंस्था घराबाहेर उभी आहे असा क्षण कधी नसतोच. ती कोणाच्या बाजूने आत आहे, एवढेच विचारायचे उरते.

ही चर्चा समजून घेण्यासाठी हिंदू विवाह कायद्याचे कलम ९ का निवडले आहे?

कारण या एका कलमात दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात. पती किंवा पत्नी पुरेशा कारणाशिवाय दुसऱ्याच्या सहवासातून निघून गेली, तर दुसरी बाजू न्यायालयात दाम्पत्य हक्कांच्या पुनर्स्थापनेची मागणी करू शकते, असे हे कलम सांगते. आपल्याकडे याला सरळ ‘नांदायला येण्याचा दावा’ म्हणतात. एखाद्या प्रौढ व्यक्तीने कोणाबरोबर राहावे याचा हुकूमनामा न्यायालय देते, आणि त्या हुकूमनाम्याला घटनेच्या कसोटीवर घासायची वेळ आली की तेच न्यायालय म्हणते की घर ही खासगी जागा आहे. या विसंगतीचा इतिहास थेट मुंबई उच्च न्यायालयात १८८०च्या दशकात चाललेल्या रखमाबाईंच्या खटल्यापर्यंत जातो, त्यामुळे मराठी वाचकाला तो परका नाही.

हा उपाय हिंदू धर्मशास्त्रातून आला आहे का?

नाही. तो इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतून आला. विवाह हा संस्कार आणि त्यातून बाहेर पडणे पाप, अशा ख्रिस्ती धारणेतून तिथल्या धार्मिक न्यायालयांनी पळून गेलेल्या जोडीदाराला परत बोलावण्याचा हा दावा घडवला. पुढे तो इंग्रजी दिवाणी कायद्यात आला आणि वसाहतीच्या न्यायालयांमार्फत भारतात पोहोचला. १८६७ मध्ये ब्रिटिश साम्राज्याचे लंडनमधले सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने एका मुस्लिम दांपत्याच्या प्रकरणात असा दावा इथे चालू शकतो असे मान्य केले. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने त्याला कलम ९ची जागा दिली. ‘आपली परंपरा’ म्हणून ज्याचे समर्थन केले जाते, ती मुळात चर्चची तरतूद आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. इंग्लंडने ती १९७० मध्ये रद्दही केली.

रखमाबाईंच्या खटल्यात नेमके काय घडले?

रखमाबाईंचा जन्म १८६४चा, सुतार जातीतल्या कुटुंबातला. वडील लवकर वारले. आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला, कारण त्या जातीत विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. रखमाबाईंचे लग्न वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले, पण त्या सावत्र वडिलांच्या घरीच राहिल्या, शिकल्या, आणि नवऱ्याकडे कधी नांदायला गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी पत्नीचा ताबा मागण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. नवऱ्याचे दारिद्र्य, प्रकृती आणि तो ज्या घरी राहत होता तिथले वातावरण ही कारणे रखमाबाईंनी पुढे केली. त्यांच्या भूमिकेचा गाभा मात्र असा होता की आपल्याला समज नसताना, आपल्या संमतीशिवाय झालेल्या लग्नाने आपण बांधल्या जाऊ शकत नाही.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांचा युक्तिवाद दोन पायऱ्यांचा होता. पहिली पायरी अशी की इंग्रजी कायद्यात हा दावा एकदा सुरू झालेला सहवास पुन्हा सुरू करण्यासाठी असतो. इथे सहवास कधी झालाच नव्हता, तर परत काय मिळवून द्यायचे? दुसरी अशी की हिंदू कायद्यात असा दावा मुळात नाही, आणि एका तरुण स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या हवाली करणे त्यांना रानटीपणाचे वाटले. दादाजींनी अपील केले. १८ मार्च १८८६ रोजी मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्ही यांचा निकाल फिरवला आणि प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी पाठवले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला की रखमाबाईंनी एका महिन्यात नवऱ्याकडे जावे, अन्यथा सहा महिने तुरुंगवास. त्यांनी तुरुंगात जायची तयारी दाखवली.

या आदेशातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. इंग्लंडने १८८४च्या कायद्याने असा हुकूम न पाळणाऱ्या जोडीदाराला तुरुंगात टाकणे बंद केले होते. म्हणजे ज्या देशाकडून हा दावा आला, तिथे ज्या शिक्षेची लाज वाटू लागली होती, तीच शिक्षा भारतातल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कायम राहिली आणि रखमाबाईंच्या समोर उभी ठाकली.

राणी व्हिक्टोरियाने हा विवाह रद्द केला, असे सांगतात. ते खरे आहे का?

ही गोष्ट फार पसरलेली आहे, पण प्रकरण मिटले ते तडजोडीने. रखमाबाईंनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये १८८७ साली राणीला उद्देशून पत्र प्रसिद्ध केले होते, हे खरे आहे. मात्र १८८८ च्या जुलैमध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली. कायदा जागचा हलला नाही. एका स्त्रीला पैसे देऊन त्याच्या कचाट्यातून सुटता आले. त्यानंतर रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट इथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. हुकूम न पाळल्याबद्दलची कैद भारतात १९२३च्या दुरुस्तीपर्यंत कायद्यात होती.

त्या काळच्या राष्ट्रवादी नेत्यांनी रखमाबाईंना विरोध का केला?

लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने रखमाबाईंवर कठोर टीका केली आणि त्यांच्या वागण्याचा दोष इंग्रजी शिक्षणाकडे वळवला. त्यामागे एक मोठी राजकीय धारणा होती. राज्य परक्यांच्या हाती गेले असले तरी घर, धर्म आणि स्त्री हा आपला अंतर्भाग अजून आपल्या ताब्यात आहे, आणि परक्या सरकारने तिथे हात घालू नये. परक्या सत्तेविषयीचा हा संशय अनाठायी नव्हता. तरीही या युक्तिवादात एक उणीव राहिली. सरकारने घरात येऊ नये असे म्हणणारे लोक, त्याच सरकारच्या न्यायालयाने, त्याच सरकारच्या तुरुंगाच्या धाकाने, बायकोला नवऱ्याकडे पाठवावे याला हस्तक्षेप मानत नव्हते.

इथे जातीचा मुद्दाही येतो. सुतार जातीच्या रिवाजात स्त्रीला असलेली मोकळीक बाजूला पडली आणि ‘हिंदू धर्म’ म्हणून उच्चवर्णीय विवाहकल्पना सर्वांसाठी बोलू लागली. कोणते घर ‘खासगी’ आणि रक्षणीय, हे ठरवताना जातीची उतरंड नेहमीच आत शिरते, असे दलित स्त्रीवादी अभ्यासक सांगत आल्या आहेत. हे प्रकरण त्याची साक्ष देते.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या आधारे या कलमाला आव्हान दिले गेले का?

दिले गेले, आणि १९८३-८४ या अवघ्या काही महिन्यांत तीन न्यायालयांनी तीन निकाल दिले.

पहिला निकाल आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचा, जुलै १९८३ मधला, टी. सरिता विरुद्ध व्यंकट सुब्बय्या या प्रकरणातला. सरिता या चित्रपट अभिनेत्री होत्या, लग्न सोळाव्या वर्षी झाले होते आणि लवकरच दोघे वेगळे झाले होते. नवऱ्याने कलम ९ खाली दावा केला. न्यायमूर्ती चौधरी यांनी ते कलमच घटनाबाह्य ठरवले. सहवासाचा हुकूम म्हणजे व्यवहारात शरीरसंबंधाचा हुकूम, आणि त्यातून गर्भधारणेचाही निर्णय स्त्रीच्या हातून निघून राज्यसंस्थेच्या हाती जातो, असे त्यांनी लिहिले. कलम कागदावर स्त्री-पुरुष दोघांना सारखे असले तरी गर्भ एकाच बाजूला राहतो, त्यामुळे विषमांना समान मानणे हा समतेचाच भंग आहे, असेही ते म्हणाले.

दुसरा निकाल काही महिन्यांतच दिल्ली उच्च न्यायालयाने हरविंदर कौर प्रकरणात दिला, आणि तो नेमका उलट होता. न्यायमूर्ती रोहतगी यांच्या मते सहवास म्हणजे केवळ शरीरसंबंध नव्हे, आणि न्यायालय शरीरसंबंध सक्तीने घडवत नाही. पुढे त्यांनी ते गाजलेले विधान केले की घरात घटनेचा कायदा आणणे म्हणजे काचसामानाच्या दुकानात बैल सोडण्यासारखे आहे. न्यायमूर्तींसमोर जो दावा होता तो संसदेने केलेल्या कायद्याखालचा, दिवाणी न्यायालयात चाललेला, जप्तीची तरतूद असलेला होता. कायदा तर आधीच घरात होता. बाहेर ठेवली गेली ती फक्त त्या कायद्याला जाब विचारणारी घटना. सार्वजनिक-खासगी या रेषेवरची स्त्रीवादी टीका ज्या ठिकाणी बोट ठेवते, ते ठिकाण हेच.

तिसरा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, ऑगस्ट १९८४ मधला, सरोज राणी प्रकरणातला. त्याने दिल्लीची भूमिका उचलून धरली आणि हे कलम संसार मोडण्यापासून वाचवण्याचे सामाजिक काम करते असे म्हटले.

सरोज राणी प्रकरणात दावा पत्नीनेच केला होता ना? मग कलम स्त्रियांच्या उपयोगाचे नाही का?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून त्या प्रकरणाचा क्रम नीट पाहू. सरोज राणी यांचे म्हणणे होते की १९७७ मध्ये नवऱ्याने त्यांना घराबाहेर काढले. त्यांनी कलम ९ खाली अर्ज केला आणि त्यासोबत अंतरिम पोटगी मागितली, जी मंजूर झाली. १९७८ च्या मार्चमध्ये नवऱ्याने हुकूमनाम्याला संमती दिली. वरकरणी पत्नी जिंकली. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३(१ए) प्रमाणे असा हुकूमनामा झाल्यानंतर एक वर्ष सहवास पुन्हा सुरू झाला नाही, तर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकते. वर्ष उलटताच नवऱ्याने तो मागितला. दोन दिवस घरी नेऊन त्यांनी मला पुन्हा बाहेर काढले, तेव्हा स्वतःच्या चुकीचा फायदा त्यांना मिळू नये, असे पत्नीने सांगितले. न्यायालयाने ते मान्य केले नाही आणि घटस्फोट कायम केला, पत्नी आणि मुलीसाठी पोटगी ठरवून दिली.

म्हणजे संसार वाचवण्याचे साधन म्हणून ज्या कलमाचे समर्थन झाले, तेच कलम त्याच खटल्यात संसार संपवण्याचा रस्ता ठरले होते. स्त्रिया हा दावा करतात, पण बहुधा त्यांना हवे असते डोक्यावर छप्पर आणि खर्चाला पैसे, आणि ते मागायला दुसरी वाट अवघड असते म्हणून त्या ही वाट धरतात.

हुकूमनामा झाल्यावर पत्नीला पोलीस उचलून नेऊ शकतात का?

नाही. कोणालाही शरीराने ओढून नेऊन नांदवता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ३२ खाली दरखास्त दाखल करून हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करता येते. ज्या स्त्रीच्या नावावर काहीच नाही तिच्यावर जप्तीचा परिणाम शून्य, असे वाटेल. पण अशा स्त्रीकडे एकच आर्थिक हक्क असतो, तो म्हणजे पोटगी, आणि मार बसतो तो तिथेच.

व्यवहारात अनेकदा असे घडते. पत्नी पोटगीचा अर्ज करते, आणि त्यानंतर लवकरच नवऱ्याकडून नांदायला येण्याची नोटीस येते. पुरेशा कारणाशिवाय वेगळी राहणारी पत्नी पोटगीला पात्र नसते, असे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होते आणि आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. मग ‘मी तर तिला बोलावतो आहे’ असे नवऱ्याला सांगता येते. नोटिशीत राहण्याची वेगळी सोय, आधीच्या मारहाणीचा उल्लेख किंवा मुलांच्या खर्चाची तयारी यांपैकी काहीच नसेल आणि तारीख पोटगीच्या अर्जानंतरची असेल, तर हेतू ओळखायला फार कष्ट पडत नाहीत.

झारखंडमधल्या एका प्रकरणात पतीने असा हुकूमनामा मिळवला, पत्नी परत गेली नाही, आणि उच्च न्यायालयाने तिची पोटगी नाकारली. गर्भपाताच्या वेळी नवरा फिरकला नव्हता आणि घरात शौचालय वापरू दिले जात नव्हते, असे तिचे म्हणणे होते. १० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोटगी पुन्हा लागू केली आणि सांगितले की केवळ हुकूमनामा पाळला नाही म्हणून पोटगीचा हक्क आपोआप जात नाही. न जाण्याला पुरेसे कारण होते का, हे स्वतंत्रपणे तपासले पाहिजे.

परत नांदायला गेल्यावर पत्नीच्या शरीरावरच्या हक्काचे काय होते?

माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातला सर्वांत गंभीर भाग हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधल्या अपवादानुसार अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला शरीरसंबंध, तिची संमती नसली तरी, बलात्कार ठरत नाही. पण त्याच संहितेच्या कलम ६७ प्रमाणे पत्नी वेगळी राहत असेल, मग ते विभक्ततेच्या हुकूमनाम्याने असो वा तसेच, तर संमतीविना संबंध हा पतीचा गुन्हा आहे. दोन कलमे शेजारी ठेवून वाचली की चित्र स्पष्ट होते. वेगळी राहणारी स्त्री कायद्याच्या एका संरक्षणाखाली असते. कलम ९चा हुकूमनामा तिला घरात बोलावतो, आणि ती परतली की ते संरक्षण संपते. न्यायालय शरीरसंबंधाची सक्ती करत नाही, हे १९८३चे दिल्लीचे उत्तर म्हणून अपुरे पडते. सक्ती करणाऱ्याला शिक्षा होणार नाही अशा जागी तिला पाठवण्याचा आदेश तर न्यायालयच देत असते.

म्हणजे स्त्रीवाद्यांचा खासगीपणालाच विरोध आहे का?

यावर स्त्रीवाद्यांमध्ये एकमत नाही. अमेरिकी स्त्रीवादी कायदेपंडित कॅथरीन मॅकिनन यांच्या मते खासगीपणाच्या हक्काने प्रामुख्याने पुरुषांच्या घरातल्या सत्तेला आडोसा दिला आहे. उलट सरिता निकालात पत्नीला सोडवणारा आधार खासगीपणाचाच होता. फरक इतका की तिथे खासगीपणा कुटुंबाचा नव्हता, त्या एका स्त्रीचा होता. २०१७च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात, घरातली पुरुषसत्ता आणि अत्याचार झाकायला खासगीपणाचा वापर होतो, या स्त्रीवादी टीकेची दखल घेतली. हक्क घराच्या भिंतींना द्यायचा की आतल्या प्रत्येक माणसाला, हा निवाडा करावाच लागतो, आणि तो माणसाच्या बाजूने व्हावा असे मला वाटते.

मग घरातल्या अन्यायावर उपाय म्हणून राज्यसंस्थेला आत बोलवावे का?

सावधपणे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने, घर कोणाच्याही नावावर असले तरी, स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. तो राज्यसंस्थेमार्फतच मिळाला आणि त्याची किंमत ज्या स्त्रियांनी रात्री घराबाहेर काढले जाणे अनुभवले आहे त्यांना ठाऊक आहे. पण १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर पोलिसांकडूनच बलात्कार झाल्याची तक्रार झाली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर जखमा नाहीत अशा कारणांवरून, दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. मथुरा प्रकरण या नावाने ते देशभर गाजले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तिला तिथे कोणी परक्याने नेले नव्हते. तिच्या प्रेमसंबंधाबद्दल भावानेच तक्रार केली होती. म्हणजे घरातला वाद सोडवायला बोलावलेले ठाणेच अत्याचाराची जागा ठरले. मध्यमवर्गीय स्त्रीला पोलिसांचा जो आधार वाटू शकतो, तो आदिवासी किंवा दलित मजूर स्त्रीला तसाच वाटेल असे गृहीत धरता येत नाही.

कलम ९ रद्द करावे का?

करावे, असे माझे मत आहे. ते काढून टाकावे अशी सूचना विधी आयोगाच्या २०१८च्या सल्लापत्रातही आहे, आणि २०१९ मध्ये या कलमाला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. मात्र नुसते कलम पुसून भागणार नाही, कारण आज काही स्त्रिया त्याच दरवाजाने अंतरिम पोटगीपर्यंत पोहोचतात. वेगळे राहून पोटगी मागण्याची तरतूद १९५६च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे, पण तिथे क्रूरता, परित्याग यांसारखे कारण सिद्ध करण्याचा भार पत्नीवर पडतो. तो भार हलका करणे, पोटगीच्या सुनावणीत ‘ती नांदायला का येत नाही’ याऐवजी दोघांचे उत्पन्न आणि गरज आधी तपासणे, आणि कलम ६३ मधला अपवाद काढणे, ही तीन कामे कलम ९ रद्द करण्याबरोबरच व्हावी लागतील.